एक्सप्लोरर आडवा का झाला?

३१ जानेवारी १९५८ च्या रात्री फ्लोरिडातल्या केप कॅनव्हरलहून ज्युनो-१ रॉकेट उडाले आणि अमेरिकेचा पहिला उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. एक्सप्लोरर-१ हे त्याचे नाव. दिसायला तो उपग्रहापेक्षा लोखंडी पाइपासारखाच होता. लांबी दोन मीटरच्या आसपास, व्यास पंधरा सेंटिमीटर, आणि मागे चिकटून राहिलेल्या रॉकेटच्या रिकाम्या नळकांड्यासह वजन जेमतेम १४ किलो. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने तो बांधला होता. अवकाशात त्याचे तोंड एकाच दिशेला राहावे म्हणून त्याला त्याच्या लांबीच्या अक्षाभोवती मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या वेगाने गरगरत सोडले होते.

थोड्याच वेळात जमिनीवर येणारे रेडिओ संदेश चमत्कारिक पद्धतीने कमीजास्त होऊ लागले. त्या चढउतारांचा अर्थ लावल्यावर उलगडा झाला. उपग्रह लांबीच्या अक्षाभोवती फिरायचा थांबला होता आणि मध्याभोवती आडवा, टोकावर टोक टाकत गोल फिरत होता. त्याला कोणी धक्का दिला नव्हता. इंजिन चालू नव्हते आणि तितक्या उंचीवरची हवा असून नसल्यासारखी होती. बाहेरून बोट लावलेले नसताना फिरण्याचा अक्ष नव्वद अंशांनी वळला होता.

या घटनेचे उत्तर पदवीच्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या एका प्रकरणात आहे. त्या प्रकरणाचे नाव इनर्शिया टेन्सर. बहुतेक विद्यार्थी ते नऊ आकड्यांचा एक चौकोन म्हणून पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. खरे तर एकदा हाताने आकडे घालून पाहिले, की त्या चौकोनातली प्रत्येक जागा बोलू लागते.

अकरावी-बारावीत मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे जडत्व परिबल, हा एकच आकडा असतो. चकतीचे ½MR², सळईचे ML²/12, अशी यादी असते. पण त्या यादीत प्रत्येक वेळी अक्ष आधीच सांगितलेला असतो आणि तो अक्ष सोयीचा असतो. सळई मध्यातून, तेही लांबीला काटकोनात, चकती केंद्रातून. अक्ष तिरका घेतला तर काय होते, हा प्रश्न त्या वयात कोणी विचारत नाही. नेमका तोच प्रश्न इथे महत्त्वाचा आहे.

एक साधी रचना घेऊ. एक मीटर लांबीची, वजन नगण्य मानता येईल इतकी हलकी दांडी, आणि तिच्या दोन टोकांना एकेक किलोचे छोटे गोळे. ही दांडी एका आडव्या शाफ्टला मधोमध वेल्ड केली आहे; पण काटकोनात नव्हे, तिरकी. शाफ्टची दिशा x धरली, तर एक गोळा (०.३, ०.४) मीटरवर आणि दुसरा बरोबर उलट, (−०.३, −०.४) मीटरवर येतो. वस्तुमानकेंद्र शाफ्टवरच आहे. शाफ्ट हाताने कसाही वळवून सोडला तरी तो जिथल्या तिथे थांबेल, कारण कोणतीच बाजू जड नाही.

आता हा शाफ्ट सेकंदाला १० रेडियन या वेगाने फिरवला. कोनीय वेगाची दिशा अर्थातच शाफ्टची, म्हणजे x. कोनीय संवेगाची दिशाही तीच असेल, असे मन सांगते. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. प्रत्येक कणाचा कोनीय संवेग r × mv या सूत्राने काढून दोन्ही गोळ्यांचा मिळवला, तर उत्तर x दिशेला ३.२ आणि y दिशेला −२.४ येते. म्हणजे कोनीय संवेगाचा बाण शाफ्टपासून सुमारे ३७ अंशांनी कललेला आहे आणि तो दांडीला बरोबर काटकोनात उभा आहे. वस्तू एका दिशेभोवती फिरते आहे आणि तिचा कोनीय संवेग दुसऱ्याच दिशेला बोट दाखवतो आहे.

एकच आकडा हे काम करू शकत नाही. बाणाला आकड्याने गुणले तर तो लांब किंवा आखूड होईल, कलणार नाही. बाण कलता करायचा तर मॅट्रिक्स लागते, आणि हेच इनर्शिया टेन्सरचे काम आहे. कोनीय वेग त्याच्या हातात द्यायचा, तो कोनीय संवेग परत देतो: L = Iω. वरच्या रचनेसाठी तो असा दिसतो:

```
      |  0.32  -0.24   0    |
I  =  | -0.24   0.18   0    |   kg·m²
      |  0      0      0.50 |
```

कर्णावरचे तीन आकडे ओळखीचे आहेत. तिन्ही अक्षांभोवतीची ती नेहमीची जडत्व परिबले. ०.३२ हा आकडा दोन गोळ्यांच्या x अक्षापासूनच्या अंतराच्या, म्हणजे ०.४ मीटरच्या, वर्गातून आला. कर्णाबाहेर बसलेला −०.२४ हा नवा पाहुणा. त्याला प्रॉडक्ट ऑफ इनर्शिया म्हणतात आणि तो −Σmxy या बेरजेतून येतो. एखाद्या गोळ्याचा x धन असताना त्याचा y सुद्धा धन असेल, म्हणजेच वस्तुमान अक्षांच्या मानाने तिरके पसरले असेल, तर ही बेरीज शून्य होत नाही. संवेगाचा बाण कलता करणारा आकडा हाच.

इथे ऋण चिन्हाबद्दल सावध राहावे लागते. काही पुस्तके आणि काही सीएडी सॉफ्टवेअर प्रॉडक्ट ऑफ इनर्शियाची व्याख्या चिन्हाशिवाय करतात आणि टेन्सरमध्ये लिहिताना उणे लावतात. काही ठिकाणी उणे व्याख्येतच असते. दोन्हींची सरमिसळ झाली की आपल्या उदाहरणात −०.२४ च्या जागी +०.२४ येतो. मग मुख्य जडत्व परिबले बरोबर निघतात, बेरजेचे पडताळेही जमतात, पण अक्षांची दिशा आरशात पाहिल्यासारखी उलटी येते. चूक आकड्यांत लपून बसते. ती पकडायची एकच खात्रीची पद्धत आहे: निघालेला अक्ष वस्तूच्या चित्रावर काढून पाहायचा. तो दांडीवर न पडता दुसऱ्याच बाजूला झुकलेला दिसला, की चिन्ह चुकले.

कललेल्या संवेगाचा त्रास शाफ्टला सोसावा लागतो. दांडी फिरते तसा संवेगाचा बाणही शाफ्टभोवती शंकूच्या आकारात फिरतो. त्याची लांबी बदलत नाही, पण दिशा दर क्षणी बदलते. कोनीय संवेग बदलायचा तर टॉर्क लागतो, आणि तो पुरवणार कोण? शाफ्ट ज्यांच्यात बसवला आहे ती दोन बेअरिंग. ω × L हा गुणाकार केला की टॉर्क २४ न्यूटन-मीटर निघतो. हाच आकडा अगदी साध्या वाटेनेही मिळतो. प्रत्येक गोळ्याला गोल फिरवायला mω²r, म्हणजे १ × १०० × ०.४ = ४० न्यूटन बल लागते. दोन्ही बले उलट दिशांना आहेत आणि शाफ्टवर मोजले तर मध्यापासून ०.३ मीटर अंतरावर, विरुद्ध बाजूंना लागतात. त्यांची जोडी म्हणजे २ × ४० × ०.३ = २४. टेन्सरच्या कर्णाबाहेरचा तो आकडा म्हणजे बेअरिंगवर पडणारा, शाफ्टबरोबर फिरत राहणारा पिळा. वेग तिप्पट केला तर हा पिळा नऊपट होतो.

टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंग करून घेणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा पाहिला आहे, फक्त नाव माहीत नसते. मशीनवर चाक फिरते, पडद्यावर दोन आकडे येतात, आणि कारागीर रिमच्या आतल्या कडेला एक आणि बाहेरच्या कडेला एक अशी छोटी वजने बसवतो. एका कडेला वजन लावून वस्तुमानकेंद्र अक्षावर आणता येते; मग चाक हवेत धरून फिरवले तर कुठेही थांबते. पण चाकाला रुंदी आहे. आतल्या बाजूला वर थोडे जास्त रबर आणि बाहेरच्या बाजूला खाली तेवढेच जास्त असेल, तर केंद्र अक्षावर राहूनही चाक वेगात डुलते आणि स्टीअरिंग थरथरते. आपल्या तिरक्या दांडीचाच हा प्रकार. दोन्ही कडांना वजने लावण्याचे कारण एवढेच, की दोन अटी एकदम पुऱ्या करायच्या असतात: केंद्र अक्षावर आले पाहिजे आणि कर्णाबाहेरचे आकडे शून्य झाले पाहिजेत. दुसऱ्या शब्दांत, चाकाचा धुरा हाच चाकाचा मुख्य अक्ष झाला पाहिजे.

मुख्य अक्ष म्हणजे ज्या दिशेभोवती फिरवले असता संवेग कलत नाही, कोनीय वेगाच्याच दिशेला राहतो, ती दिशा. गणितात हाच आयगेन व्हेक्टरचा प्रश्न आहे: Iω = λω. आपल्या रचनेत तो सोडवायला अर्धे पानही लागत नाही. वरच्या डाव्या २ × २ भागाच्या कर्णावरची बेरीज ०.५० आहे आणि डिटर्मिनंट ०.३२ × ०.१८ − ०.२४ × ०.२४, म्हणजे शून्य. म्हणून λ ची उत्तरे ० आणि ०.५०. शून्याची दिशा (३, ४), म्हणजे खुद्द दांडीची. गोळे बिंदूएवढे मानले आहेत, त्यामुळे दांडीभोवती फिरवायला काहीच जडत्व नाही. दुसरी दिशा दांडीला काटकोनात आणि तिसरी कागदाला काटकोनात; दोन्हींचे जडत्व परिबल ०.५०. डोळ्यांनी जे दिसत होते तेच बीजगणिताने सांगितले. कर्णावरच्या तीन आकड्यांची बेरीज आधी १.०० होती, आताही ०, ०.५० आणि ०.५० मिळून १.०० आहे. अक्ष कसेही वळवले तरी ही बेरीज बदलत नाही, त्यामुळे हिशेबाचा हा पहिला पडताळा. दुसरा पडताळा असा, की कोणतीही दोन मुख्य परिबले मिळून तिसऱ्यापेक्षा कमी भरत नाहीत. भरली तर कुठेतरी ऋण वस्तुमान मोजले गेले आहे.

असे तीन परस्परलंब अक्ष प्रत्येक वस्तूला असतात. दगड, खुर्ची, माणूस, काहीही घ्या. योहान आंद्रेआस सेग्नर यांनी १७५५ मध्ये, भोवऱ्यांवर लिहिलेल्या पुस्तिकेत हे दाखवले आणि लेओनार्ड ऑयलर यांनी १७६५ च्या ग्रंथात त्यावर घन वस्तूंच्या गतीचे संपूर्ण शास्त्र उभे केले. त्या काळी मॅट्रिक्स हा शब्दही नव्हता. आज विद्यार्थ्याला हे एका ओळीत मिळते: टेन्सर सममित आहे, आणि सममित मॅट्रिक्सला नेहमी परस्परलंब आयगेन व्हेक्टर असतात. वस्तूला सममितीचा अक्ष असेल तर तो मुख्य अक्ष असतोच, पण मुख्य अक्ष असायला सममिती लागत नाही. घन ठोकळ्याच्या बाबतीत तर एक सुंदर गोष्ट होते. वस्तुमानकेंद्राभोवती त्याची तिन्ही मुख्य परिबले सारखी असल्याने केंद्रातून जाणारी कोणतीही रेषा मुख्य अक्ष ठरते. ठोकळा कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या अक्षाभोवती फिरवा किंवा पृष्ठभागाच्या मध्यातून. जडत्वाच्या दृष्टीने तो गोलाहून वेगळा नसतो.

आतापर्यंत शाफ्ट आणि बेअरिंग होते. अवकाशात बेअरिंग नाही, म्हणून टॉर्क द्यायला कोणी नाही. मग कोनीय संवेगाची दिशा अवकाशात पक्की राहते आणि हलायचे असेल तर वस्तूलाच हलावे लागते. मुख्य अक्षांवरून मोजले तर ऑयलर यांची समीकरणे अशी येतात:

```
I1 dω1/dt = (I2 − I3) ω2 ω3
I2 dω2/dt = (I3 − I1) ω3 ω1
I3 dω3/dt = (I1 − I2) ω1 ω2
```

एका मुख्य अक्षाभोवती तंतोतंत फिरणाऱ्या वस्तूसाठी उजवीकडे सगळे शून्य, म्हणून ती तशीच फिरत राहते. पण तंतोतंत असे जगात काही नसते. किंचित चूक असेल तर ती मरते, तशीच राहते की वाढते, हे विचारावे लागते. परिबलांना I1 पासून I3 पर्यंत चढत्या क्रमाने ठेवले, तर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या परिबलाच्या अक्षांभोवती चूक फक्त डुलत राहते. मधल्या अक्षाभोवती ती घातांकी वेगाने वाढते.

जाड पुठ्ठ्याचे पुस्तक घेऊन रबर बँडने बंद केले, की हे घरात पाहता येते. २४ सेंटिमीटर लांब, १६ रुंद आणि ३ जाड अशा पुस्तकाची मुख्य परिबले २६५ : ५८५ : ८३२ या प्रमाणात येतात. लांबीच्या अक्षाभोवती फिरवून वर उडवले तर ते नीट फिरते. तबकडीसारखे सपाट फिरवले तरी नीट. पण पुस्तकाचा वरचा भाग स्वतःकडे येईल असे, रुंदीच्या अक्षाभोवती उलटे उडवले, तर हातात परत येईपर्यंत त्याने मधेच कूस बदललेली असते. मुखपृष्ठ वर ठेवून उडवले होते आणि मलपृष्ठ वर करून पडते. चुकीच्या वाढीचा वेग काढायला वर्गमूळाखाली (I3 − I2)(I2 − I1) भागिले I1·I3 ठेवायचे. इथे उत्तर ०.६ येते, म्हणजे चुकीतला वाढणारा भाग एका पूर्ण फेरीत सुमारे ४३ पट होतो. हात कितीही स्थिर असला तरी एवढ्या वाढीपुढे त्याचा टिकाव लागत नाही. १९८५ मध्ये साल्यूत-७ या अवकाशस्थानकात व्लादिमिर जानिबेकोव्ह यांनी पंख असलेला एक नट फिरकीने सुटून तरंगताना पाहिला. थोडे अंतर सरळ जाऊन तो अचानक उलटायचा, पुन्हा सरळ, पुन्हा उलट. त्यामागे हेच समीकरण आहे.

पण या गणिताने एक्सप्लोररचे कोडे सुटत नाही, उलट घट्ट होते. एक्सप्लोरर लांबीच्या अक्षाभोवती फिरत होता, आणि बारीक लांब वस्तूचे त्या अक्षाभोवतीचे परिबल सर्वांत लहान असते. ऑयलर यांच्या समीकरणांनुसार ही फिरकी स्थिर आहे. अभियंत्यांनी काही वेडगळ निवड केली नव्हती. पुस्तकातल्या प्रमेयाचा त्यांना आधार होता. त्या प्रमेयाच्या पहिल्याच शब्दात मात्र एक अट दडलेली आहे: वस्तू घन असावी, म्हणजे तिचे कोणतेही दोन कण एकमेकांपासून कधीच जवळ-लांब होऊ नयेत. एक्सप्लोररच्या अंगावर चार लवचीक तारांचे अँटेना होते.

आता आकडे घालू. उपग्रहाला १४ किलोचा, दोन मीटर लांब, ७.६ सेंटिमीटर त्रिज्येचा, आतून सगळीकडे सारखा दंडगोल मानले, तर लांबीच्या अक्षाभोवती परिबल ०.०४० आणि आडव्या अक्षाभोवती सुमारे ४.७ किलोग्रॅम-मीटर² येते. खरा उपग्रह आतून सारखा नव्हता, त्यामुळे नेमके आकडे थोडे वेगळे असतील. पण ११५ पटींहून जास्त असलेला हा फरक तेवढ्याने पुसला जात नाही. मिनिटाला ७५० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ७८.५ रेडियन. यावरून कोनीय संवेग ३.१७ एकक आणि फिरकीची ऊर्जा सुमारे १२५ ज्यूल.

संवेग आणि ऊर्जा यांचे वागणे इथे वेगळे होते. बाहेरून टॉर्क नाही, म्हणून ३.१७ हा संवेग आकाराने आणि दिशेने तसाच राहणार. आतल्या आत कितीही हालचाल झाली तरी तो बदलू शकत नाही. ऊर्जेला असे कोणतेही बंधन नाही. तार वाकली आणि सरळ झाली की तिच्यात थोडी उष्णता तयार होते आणि ती अवकाशात निघून जाते. ही उष्णता फिरकीच्या ऊर्जेतूनच येणार.

मग प्रश्न असा होतो, की संवेग तेवढाच ठेवून ऊर्जा कुठवर खाली जाऊ शकते. एका मुख्य अक्षाभोवतीची ऊर्जा L²/2I असते. संवेग ठरलेला असेल तर I जितके मोठे तितकी ऊर्जा कमी. म्हणजे सर्वांत लहान परिबलाचा अक्ष ही सर्वांत जास्त ऊर्जेची जागा आहे आणि सर्वांत मोठ्या परिबलाचा अक्ष ही सर्वांत कमी ऊर्जेची. एक्सप्लोररसाठी ही दोन टोके १२५ ज्यूल आणि १ ज्यूल अशी आहेत. ऊर्जा गळायला जरासा जरी मार्ग मिळाला, तरी उपग्रह पहिल्या टोकाकडून दुसऱ्याकडे उतरत जाणार आणि परत वर चढायला त्याच्याकडे काहीच साधन नाही. घन वस्तूसाठी जी जागा स्थिर होती, तीच लवचीक वस्तूसाठी टेकडीचा माथा ठरली.

लुई प्वॅन्सो यांनी १८३४ मध्ये घन वस्तूच्या मोकळ्या फिरकीचे जे भूमितीय चित्र मांडले, त्याच्याच आधाराने हे डोळ्यांसमोर आणता येते. वस्तूच्या तीन मुख्य अक्षांवर संवेगाचे तीन घटक मांडले, की संवेगाचा आकार कायम असल्याने त्या बाणाचे टोक एका गोलावर राहते. ऊर्जा कायम असेल तर ते एका लंबगोलावरही राहायला हवे. गोल आणि लंबगोल एकमेकांना जिथे छेदतात त्या वक्रावरच टोक फिरते, आणि मधल्या अक्षाची अस्थिरता त्या वक्रांच्या आकारात सरळ दिसते, कारण तिथे ते एकमेकांना फुलीसारखे छेदतात. ऊर्जा गळू लागली की लंबगोल आकसतो, गोल तसाच राहतो. छेदणारा वक्र लहान परिबलाच्या अक्षापासून सरकत सरकत मोठ्या परिबलाच्या अक्षाकडे जातो. लंबगोल गोलाला आतून फक्त टेकतो तिथे प्रवास संपतो, कारण त्याहून लहान लंबगोलाला गोलाशी गाठच घालता येत नाही.

हे सगळे इतक्या लवकर का घडले, त्याचेही उत्तर समीकरणांत आहे. सुरुवातीला उपग्रहाचा अक्ष संवेगाच्या दिशेपासून अगदी थोडा कललेला असणार. तेवढ्या कलामुळे आडव्या दिशेच्या कोनीय वेगाचा एक छोटा बाण तयार होतो. उपग्रहावर बसून पाहिले तर हा बाण त्याच्या अंगाभोवती जवळजवळ फिरकीच्याच वेगाने फिरतो, म्हणजे सेकंदाला बारा वेळा. अँटेनाच्या तारेला त्यामुळे दर सेकंदाला बारा हिसके बसतात. प्रत्येक हिसक्यात कणभर ऊर्जा जाते, कल थोडा वाढतो, हिसका थोडा मोठा होतो, आणि पुढच्या वेळी जास्त ऊर्जा जाते. एकूण घालवायची ऊर्जा तरी किती? १२४ ज्यूल. दहा मिलिलिटर पाणी तीन अंशांनी तापवायला तेवढी पुरते.

शेवटी उपग्रह आडवा होऊन सर्वांत कमी ऊर्जेच्या अक्षावर स्थिरावला. ३.१७ ला ४.७ ने भागले, की त्या अवस्थेतला वेग सेकंदाला ०.६७ रेडियन, म्हणजे मिनिटाला सुमारे साडेसहा फेऱ्या इतका येतो. ७५० फेऱ्यांचे साडेसहा झाले, पण संवेगाचा एक कणही हरवला नाही. दंडगोलाची दोन्ही आडवी परिबले सारखीच असल्याने आडवा अक्ष नेमका कोणता, याला इथे महत्त्व नाही. लांबीला काटकोनातली कोणतीही दिशा चालते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले रेडिओ खगोलशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेसवेल आणि ओवेन गॅरियट यांनी कृत्रिम उपग्रहांच्या फिरकीबद्दलचे हे तर्कशास्त्र त्याच वर्षी, १९५८ मध्ये, ‘नेचर’मध्ये मांडले. त्यानंतर उपग्रह बांधणाऱ्यांनी एक सोपा नियम पाळायला सुरुवात केली: फिरकी द्यायची ती सर्वांत मोठ्या परिबलाच्या अक्षाभोवतीच. १९६५ चा अर्ली बर्ड हा दळणवळण उपग्रह म्हणूनच उंचीपेक्षा रुंदीला जास्त असलेल्या डब्यासारखा दिसतो. अशा उपग्रहात ऊर्जा गळणे हे संकट राहत नाही, मदत होते. चुकून आलेला कल कमी व्हावा म्हणून अभियंते मुद्दाम एका वळलेल्या नळीत द्रव भरून ठेवतात. उपग्रह डुलला की द्रव हलतो, घर्षणाने ऊर्जा खातो आणि उपग्रहाला त्याच्या तळाच्या जागेकडे ढकलतो. या नळीला न्यूटेशन डँपर म्हणतात.

अडचण पुन्हा रॉकेटच्या आकाराने आणली. रॉकेटच्या टोकावरचे आवरण अरुंद असते, त्यात रुंद डबा किती मावणार? उपग्रह मोठा करायचा तर उंचच करावा लागतो आणि उंच केला की एक्सप्लोररचीच गत. ह्यूज कंपनीतले अँथनी इओरिलो आणि आरसीएतले व्हर्नन लँडन यांनी यातून वेगवेगळ्या वाटांनी एकच मार्ग काढला. उपग्रहाचे दोन भाग करायचे, त्यांच्यामध्ये मोटर आणि बेअरिंग बसवायचे. एक भाग गरगर फिरणार, दुसरा जवळजवळ स्थिर राहून पृथ्वीकडे अँटेना रोखून धरणार. अशा जोडणीत ऊर्जा फिरणाऱ्या भागात गळली तर कल वाढतो, पण स्थिर भागात गळली तर कमी होतो. म्हणून डँपर स्थिर भागावर बसवायचा आणि तो फिरणाऱ्या भागातल्या गळतीवर मात करेल इतका जोरदार ठेवायचा. ऊर्जा किती गळते याबरोबर ती कुठे गळते हेही आता हिशेबात आले. फेब्रुवारी १९६९ मध्ये या पद्धतीचा टॅकसॅट हा उपग्रह सोडला गेला. तो साडेसात मीटरच्या आसपास उंच होता, आपल्या सर्वांत लहान परिबलाच्या अक्षाभोवती फिरत होता आणि आडवा झाला नाही.